हिरव्या डिस्कची आयुष्यचाचणी

बाईंच्या यजमानांना सगळे 'मायक्रॉन' म्हणत. हे नाव त्यांना बेअरिंगच्या कारखान्यात मिळालं आणि निवृत्तीनंतर निरोपाच्या घड्याळाबरोबर घरी आलं. उभं आयुष्य त्यांनी तपासणी खात्यात काढलं होतं. केसाच्या जाडीचे कितीतरी भाग करून त्यातल्या एका भागाने माल कमी भरला, तर अख्खी पेटी परत पाठवणारा हा माणूस. कारखान्यात अशा माणसाला मान असतो. घरात मात्र त्याच्या हाती चहाचा कप, दाराची बिजागरी आणि बायको एवढ्याच वस्तू तपासायला उरतात. त्यातल्या पहिल्या दोन तरी उलट बोलत नाहीत.

बाईही निवृत्तच. त्या वाचा सुधारण्याचं काम करत. अडखळणारी, बोबडी बोलणारी, काही तर अजिबात न बोलणारी मुलं त्यांच्याकडे यायची आणि वर्ष-दोन वर्षांनी आईबापांना नको नको होईल इतकी बडबडत परत जायची. मुलं त्यांना 'बाई' म्हणत, म्हणून मुलांचे आईबाप म्हणू लागले, मग गल्लीतला दूधवालाही म्हणू लागला. प्रत्येक मूल पहिल्या दिवशी आलं की बाई त्याचं बोलणं रेकॉर्ड करत. शेवटच्या दिवशी पुन्हा करत. आईबापांची लेखी परवानगी घेऊन केलेली ही रेकॉर्डिंग्ज एका हिरव्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होती. फक्त तिथेच होती, आणि ही सगळी गोष्ट त्या 'फक्त'ची आहे.

आता बाई ज्या संस्थेत शिकल्या होत्या तिने त्यांना बोलावलं होतं. नव्या मुलींना शिकवा म्हणाले. पुस्तकातलं नको, तुमच्याकडची खरी मुलं ऐकवा, आधी कसं बोलत होती आणि नंतर कसं बोलायला लागली ते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दोन दिवस घरात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की मायक्रॉन त्यात काहीतरी तपासायला काढतील, ही भीती. आणि झालंही तसंच.

झालं असं, की रविवारी मुलं जेवायला आली होती. थोरला संगणकाच्या कंपनीत, धाकटी लेक हिशेबनीस. बाईंनी विषय काढला, "अरे, माझी ती हिरवी डिस्क फार जुनी झाली. त्यातलं सगळं दुसरीकडे ठेवायला हवं."

थोरल्याला हेच हवं होतं. "आई, क्लाउडवर टाक. कधीपासून सांगतोय मी. डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावर तरंगणारी सुई. प्रत्येक डिस्क मरते, आज नाहीतर उद्या. कधी, एवढंच माहीत नसतं."

"माहीत नसतं म्हणजे?" मायक्रॉननी घास खाली ठेवला. "माहीत करून घ्यावं लागतं."

घरात हार्ड डिस्क एकूण पाच होत्या. एक बाईंची, चार मायक्रॉनच्या. चारांमध्ये काय होतं म्हणाल तर सूर्यास्त. निवृत्त झाल्यापासून ते रोज गच्चीवर जाऊन मावळत्या सूर्याचा फोटो काढत. एक नाही, चाळीस-पन्नास. सूर्य बिचारा एकच, तोही रोज त्याच पाण्याच्या टाकीमागे बुडणारा. पण फोटो हजारांनी. शिवाय 'नवीन', 'नवीन अंतिम', 'अंतिम खरे' अशा नावांनी तेच फोटो तीन डिस्कांवर पुन्हा पुन्हा.

"क्लाउड म्हणजे भाडं," धाकटी म्हणाली. "दर महिन्याला द्या, मरेपर्यंत द्या, आणि द्यायचं थांबलात की थोडे दिवस वाट बघून ते सगळं पुसून टाकणार. डिस्क एकदा घेतली की आपली."

"आपली आणि मेलेली," थोरला म्हणाला. "तिकडे ते एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एक यंत्र बंद पडलं तरी आपल्याला कळतसुद्धा नाही."

"आणि आपल्या लाइनवर एवढं वर चढवायला किती दिवस लागतील? खाली यायला वेग आहे, वर जायला नाही. मी पाहिलंय."

"महिना लागेल. लागू दे की!"

बाईंनी मध्येच म्हटलं, "माझं तेवढं आधी करा ना. माझं फार नाहीये."

कुणी ऐकलं नाही. ज्या बाईने शेकडो मुलांना बोलतं केलं तिचं घरात कुणी एक वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ! थोरल्याचं फुकट मिळणारं क्लाउडचं खातं होतं, पण त्यात बाईंची रेकॉर्डिंग्ज मावणार नव्हती. विकतची जागा घ्यायची तर वर्षाची एकदम घेतली की स्वस्त पडते, आणि वर्षाची घ्यायची तर सूर्यास्तांसकट किती घ्यायची ते आधी ठरायला हवं, असं धाकटीचं म्हणणं. थोरला म्हणाला, "निदान एक नवी डिस्क आणू आणि आजच्या आज आईचं कॉपी करू. हजारदा सांगितलंय, महत्त्वाची गोष्ट दोन-तीन ठिकाणी असावी."

"वा!" मायक्रॉन म्हणाले. "डिस्क भरवशाची आहे की नाही हाच प्रश्न, आणि उत्तर म्हणून आणखी एक डिस्क आणायची?"

याला म्हणतात उंटावरचा शहाणा. पण त्यांचा आवाज असा काही खणखणीत होता की थोरल्यालाही ते क्षणभर खरं वाटलं. तेवढ्यात मायक्रॉननी निकाल जाहीर केला. मतं नकोत, आकडे हवेत. ते पाचही डिस्कांची आयुष्यचाचणी घेणार होते. कारखान्यात बेअरिंग किती टिकेल हे कसं कळतं? काही नग यंत्रावर चढवायचे आणि तुटेपर्यंत फिरवायचे. शितावरून भाताची परीक्षा. डिस्क टिकल्या तर पैसे वाचले, नाही टिकल्या तर क्लाउड घ्यायचं. यात न पटण्यासारखं काय आहे?

न पटण्यासारखं एवढंच होतं की कारखान्यात तुटलेलं बेअरिंग भंगारात जातं आणि मागे त्याच्यासारखी लाखभर असतात. इथे प्रत्येक शीत एकुलतं एक होतं. पण हे त्या टेबलावर कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते बाईंच्या, आणि बाईंच्या बोलण्याकडे, सांगितलं ना, कुणाचं लक्ष नव्हतं.

मागच्या खोलीत प्रयोगशाळा उभी राहिली. शिवणयंत्र भिंतीकडे सरकलं आणि टेबलावर पाच डिस्क अंगाला अंग लावून मांडल्या गेल्या. जुन्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम सुरू झाला. तो प्रत्येक डिस्कच्या मोकळ्या जागेत एक भली मोठी फाइल लिहायचा, परत वाचायचा, ताडून बघायचा, पुसायचा आणि पुन्हा लिहायचा. दिवसरात्र. दारावर कागद लागला, 'चाचणी सुरू आहे. हात लावू नये.' खोली इतकी तापली की मायक्रॉन तिथे बनियनवर बसू लागले. तरुणपणीचा उत्साह आला होता अंगात. मेला कुठे दडून बसला होता इतकी वर्षं, असं बाईंच्या मनात आलं.

"अहो, पण माझ्या फायली?"

"तुझ्या फायलींना मी धक्कासुद्धा लावत नाही. मोकळ्या जागेत लिहितो, मोकळ्या जागेतलं वाचतो."

"पण ती फिरतेय ना सारखी. माझं आधी दुसरीकडे काढून घ्या आणि मग फिरवा हवी तितकी."

"मध्येच एका नगावर जास्तीचा भार टाकला तर पाचांची तुलना कशी होणार? चाचणीच बाद होईल. तुला कळत नाही त्यातलं."

तीन आठवडे गेले. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, किती जागा खराब झाल्या, किती वाचताना अडल्या, हे मायक्रॉनना नव्यानेच कळलं होतं. ते रोज सकाळी ते आकडे आलेखावर मांडत. चार डिस्कांची रेघ जमिनीला चिकटून होती. हिरवीची रेघ आधी हलली, मग चढू लागली. कुणाही शहाण्या माणसाने त्या क्षणी चाचणी थांबवून डिस्कवरचं सगळं उतरवून घेतलं असतं. मायक्रॉननी बाईंना बोलावून आलेख दाखवला. "बघ, बघ! कल दिसायला लागला!" नातवाचं पहिलं पाऊल दाखवावं तसा चेहरा होता.

त्या दुपारी मायक्रॉन आलेखाचा कागद आणायला बाहेर गेले तेव्हा बाई सरळ मागच्या खोलीत शिरल्या. दारावरच्या कागदाकडे बघून त्यांनी एक शब्द उच्चारला, जो त्यांनी कुठल्याही मुलाला शिकवला नव्हता. प्रोग्राम थांबवून त्यांनी हिरव्या डिस्कची वायर काढली आणि डिस्क पदरात गुंडाळली. गरम होती, ताप आलेल्या पोरासारखी.

दारातच मायक्रॉन उभे. पाकीट विसरले म्हणून परत आले होते.

आता आरडाओरडा होईल असं बाईंना वाटलं. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं, त्यांनीही चार शब्द सुनावले असते. पण मायक्रॉन हिरमुसले. "अगं, रविवारी मुलांसमोर अहवाल मांडणार आहे. फक्त रविवारपर्यंत. कारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी नीट करतोय मी."

आणि बाई विरघळल्या. पस्तीस वर्षांचा संसार असाच तर होतो, कुणीतरी दर वेळी विरघळतं म्हणून. चार दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने ती वायर परत लावली.

शनिवारी सकाळी बाई चहा गाळत होत्या. मागच्या खोलीतून हाक आली, "अगं ये! लवकर ये! झालं!"

टक. टक. टक. थांबायचं, फिरायचं, पुन्हा टक टक टक. हिरवी डिस्क पडद्यावर दिसेनाशी झाली होती.

"ऐकलंस? निकामी!" मायक्रॉनचे डोळे चमकत होते. "पाचात एक! म्हणजे वीस टक्के! अगं, थोरलाच बरोबर म्हणत होता. डिस्कचा काही भरवसा नाही. थांब, खात्री करून घेऊ." त्यांनी वायर काढली, लावली. टक टक टक. दुसऱ्या भोकात लावली. टक टक टक. वेळ टिपून ठेवली. परत काढली, परत लावली.

बाईंच्या हातात गाळणं तसंच होतं आणि त्यातून चहा फरशीवर ठिबकत होता. "अहो," त्या म्हणाल्या, "माझी मुलं आहेत त्यात."

मायक्रॉनचा हात वायरवर थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं, आणि मग, देवा, त्या माणसाला कळलं! जे महिनाभर कुणी सांगून कळलं नव्हतं ते एका क्षणात कळलं.

बुडालेला डेटा काढून देणाऱ्याचं दुकान चपलांच्या दुकानाच्या वर होतं. डेटावाला पांढरा कोट घालून बसत असे आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतून आत्ताच बाहेर आल्यासारखा बोलत असे. थोरला, धाकटी, मायक्रॉन, बाई, अख्खं बिऱ्हाड त्याच्यापुढे उभं राहिलं.

"टिकटिक ऐकल्यावर लगेच बंद केलीत ना?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी मायक्रॉनकडे पाहिलं. खोटं बोलणं मायक्रॉनच्या रक्तातच नव्हतं. "सात वेळा सुरू केली," ते म्हणाले. "नोंद आहे."

"सात!" डेटावाल्याने डोळे मिटले. "काका, सुई बिघडली की ती तबकडीला घासते. प्रत्येक वेळी सुरू केली की नवा ओरखडा. ओरखड्याखालचं जे जातं ते देवही परत आणत नाही. आणि आधी काय झालं होतं हिला? इतकी का दमलीये?"

"चाचणी," मायक्रॉन पुटपुटले.

"कसली?"

"किती टिकते याची."

डेटावाल्याने डिस्क खाली ठेवली. त्याच्या धंद्यात पाण्यात पडलेल्या, कुत्र्याने चावलेल्या, रागाने भिंतीवर फेकलेल्या डिस्क आल्या होत्या. टिकते का हे बघायला मारलेली डिस्क पहिलीच. "मग कळलं का काका, किती टिकते?" त्याने अगदी सरळ विचारलं, आणि धाकटीने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच ठाऊक.

तशाच जातीची दुसरी डिस्क शोधायची, तिची सुई काढून हिला बसवायची, तीही धूळ नसलेल्या पेटीत, आणि मग निघेल तेवढं काढायचं. हमी नाही. खर्चाचा आकडा त्याने कागदावर लिहून सरकवला. धाकटीने तो वाचला आणि सवयीने मनात भागाकार केला. तेवढ्यात क्लाउडची जागा बारा-पंधरा वर्षं भाड्याने मिळाली असती. पण तिने तो आकडा मोठ्याने सांगितला नाही. कुणाला काय कधी सांगू नये एवढं तिलाही कळू लागलं होतं. "करा," ती म्हणाली.

रविवारचा अहवाल झाला नाही. प्रयोगशाळा मोडली, शिवणयंत्र जागेवर आलं. त्याच संध्याकाळी क्लाउडची जागा घेतली गेली, नवी डिस्कही आली. महिनाभर ज्यावर चर्चा चालली होती ते सगळं तासाभरात उरकलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. घोडं उत्तम होतं, तक्रार नाही. फक्त वरात निघून गेली होती.

तीन आठवड्यांनी डेटावाल्याचा फोन आला. बरंचसं निघालं होतं. फायलींची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. पण आवाज शाबूत होते. बाईंनी कानाला हेडफोन लावले आणि एकेक ऐकत बसल्या. नावांची त्यांना गरजच नव्हती. ही 'प'वर अडणारी. हा नुसता मान हलवणारा. ही दर वाक्याआधी खोल श्वास घेणारी. प्रत्येक पोराला त्या आवाजावरून ओळखत होत्या आणि डोळे पुसत पुसत कागदावर नाव लिहीत होत्या.

अर्ध्याअधिक फायली ऐकून झाल्यावर त्या थांबल्या. पुढे गेल्या, मागे आल्या. पुन्हा ऐकलं.

एक मुलगा होता, काकूला 'तातू' म्हणणारा. सगळ्या 'क'चा 'त' करायचा. बाईंनी त्याच्यावर दीड वर्ष घालवलं होतं. आता हेडफोनमधून त्याचा आवाज येत होता, स्वच्छ, खणखणीत, जरा शिष्टसुद्धा: "काकांनी काकूच्या काळ्या कपात कडक कॉफी केली." बस्स. त्याची 'तातू'ची फाइल नव्हती. 'प'वर अडणारीही न अडता बोलत होती. मान हलवणारा बडबडत होता. सगळी शेवटच्या दिवसाचीच रेकॉर्डिंग्ज. पहिल्या दिवसांची एकही नाही.

थोरल्याने डेटावाल्याला फोन करून विचारलं. कारण साधंच होतं. ही डिस्क घेतली आणि जुना संगणक भंगारात काढला तेव्हा बाईंनी आधी सगळे पहिले दिवस त्यावर चढवले होते आणि मागाहून शेवटचे. ओरखडा नेमका आधी लिहिलेल्या भागावर पडला होता.

"म्हणजे आता कसं वाटेल सांगू?" बाई म्हणाल्या. "चांगली बोलणारी मुलं चांगली बोलतायत. यांना कधी काही झालंच नव्हतं. मी काही केलंच नव्हतं."

बाईंनी संस्थेला फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडच्या बाई हळहळल्या, तरीही या म्हणाल्या, तुम्ही तोंडी सांगा. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला. तोंडी सांगणं आणि त्या पोराचं 'तातू' ऐकवणं यातला फरक पलीकडच्या बाईंनाही कळत होता.

मुलं आपापल्या घरी गेली. मायक्रॉन कधीपासून दारात उभे होते. मग येऊन बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसले.

"मी," ते म्हणाले. मग काही नाही. "म्हणजे, चाचणीत..." पुन्हा काही नाही. ओठ हलले, घसा साफ झाला, हाताने हवेत काहीतरी मोजलं. खणखणीत आवाजाचा हा माणूस, सभेत कारखान्याच्या मालकाला गप्प करणारा, एका वाक्याला अडून बसला होता.

बाईंना मदत करता आली असती. वाक्य कोणतं ते त्यांना ठाऊक होतं. पण अडलेल्या माणसाचं वाक्य आपण पुरं करायचं नसतं. केलं की तो कायमचा अडतो. तेव्हा बाई थांबल्या. घाई न करता, न रागावता, समोर बघत. कामाची सवय होती ती, आणि थोडा सूडही होता, कशाला खोटं बोला.

"माझी चूक झाली," मायक्रॉन शेवटी म्हणाले. "तू सांगत होतीस. मी ऐ... ऐकायला हवं होतं."

बाईंनी टेबलावरचा फोन उचलला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"पुन्हा एकदा म्हणा."

मायक्रॉननी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ते पुन्हा म्हणाले. 'ऐ'वर पुन्हा अडले. बाईंनी ते पूर्ण होऊ दिलं, रेकॉर्डिंग बंद केलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. फाइल लॅपटॉपमध्ये घेतली. नव्या डिस्कवर टाकली. मग क्लाउडवर चढवली, आणि पूर्ण चढेपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही.

"एवढंसं वाक्य," मायक्रॉन हळूच म्हणाले. "तीन ठिकाणी कशाला?"

"कारण हे," बाई म्हणाल्या, "पुन्हा मिळायचं नाही."